एकही गोळी चुकली नव्हती तरी दिवस गेले: दोष दाताच्या अँटिबायोटिकचा की फिटच्या गोळीचा?

ओळख पटू नये म्हणून वय आणि तारखा थोड्या इकडेतिकडे केल्यात, औषधं आणि त्यांचा क्रम मात्र तसाच ठेवलाय, कारण या केसमध्ये सगळी गंमत क्रमातच आहे. मी क्लिनिकल फार्मसिस्ट आहे, त्यामुळे सगळं औषधांच्या बाजूनेच बघितलंय हे आधीच सांगते.

बाई २८ वर्षांची. कॉलेजात असताना फिट यायला लागल्या, निदान फोकल एपिलेप्सी, गेली काही वर्षं लेव्हेटिरासिटॅमवर होती आणि फिट जवळजवळ बंद होत्या. पण चिडचिड फार व्हायला लागली, या औषधाचा हा ओळखीचा त्रास आहे, आणि शेवटी तिनेच न्यूरॉलॉजिस्टना सांगितलं की फिट परवडली पण हा राग नको. म्हणून त्यांनी लेव्हेटिरासिटॅम हळूहळू कमी करत आणली आणि कार्बामाझेपाइन सुरू केली. आधी १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग वाढवत वाढवत चार आठवड्यांत ४०० मिलिग्रॅम दोनदा. अंगावर पुरळ आलं तर लगेच या, चक्कर येईल, गाडी चालवू नका, सोडियम तपासा, सगळं नीट सांगितलं गेलं. गर्भनिरोधक गोळी घेता का, हे तेवढं कोणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही कारण तिच्या मते ते "औषध" नव्हतंच. चार वर्षं रोज घेतली जाणारी गोष्ट, ती कशाला सांगायची! हे फार बायकांच्या बाबतीत होतं. कुठली औषधं चालू आहेत विचारलं की बीपीची, थायरॉइडची सांगतात, गर्भनिरोधक गोळी यादीत येतच नाही, म्हणून तिच्याबद्दल वेगळं नाव घेऊन विचारावं लागतं.

गोळी अगदी नेहमीची होती. एथिनाइल इस्ट्रॅडायॉल हे इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन १५० मायक्रोग्रॅम, २१ गोळ्या आणि ७ दिवस गॅप. फोनवर अलार्म लावून रात्री साडेनऊला घ्यायची आणि पाकिटाच्या मागे पेनाने टिक करायची, ती रिकामी पाकिटं तिने टाकली नव्हती, त्यामुळे "गोळी विसरली असशील" हे वाक्य इथे चाललंच नाही.

आता क्रम. कार्बामाझेपाइनची पहिली गोळी तो दिवस १ धरू. पूर्ण डोस साधारण दिवस २८ ला झाला. पाकिटांचा क्रम बघितला तर एक पाकीट दिवस ७ ते २७, मग गॅप, दुसरं दिवस ३५ ते ५५. या दुसऱ्या पाकिटात, अकरावी गोळी चालू असताना, म्हणजे दिवस ४५ च्या आसपास, तिला स्पॉटिंग झालं. दोन तीन दिवस, थोडंसंच. चार वर्षांत एकदाही झालं नव्हतं. तिने नेटवर बघितलं, "ताणामुळे होतं" असं वाचलं आणि सोडून दिलं.

दिवस ६० ला दाढ दुखायला लागली, गळू झालं होतं. अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाच दिवस. इथे मात्र ती सावध झाली, कारण मैत्रिणीने सांगितलं होतं की अँटिबायोटिक घेतलं की गर्भनिरोधक गोळी काम करत नाही. म्हणून त्या पाच दिवसांत आणि वर आणखी सात दिवस दोघांनी कंडोम वापरला, दिवस ७१ पर्यंत. मग बंद केला. त्यानंतरच्या पाकिटातही (दिवस ६३ ते ८३) मधेच दोनदा स्पॉटिंग झालं. दिवस ८४ ते ९० गॅप, त्यात पाळी आली, नेहमीपेक्षा कमी. पुढचं पाकीट दिवस ९१ ते १११. त्यानंतरच्या गॅपमध्ये पाळीच आली नाही. दिवस ११८ ला घरी टेस्ट केली, पॉझिटिव्ह.

क्लिनिकमध्ये आली तेव्हा तिचं पहिलं वाक्य, "मॅडम, त्या दाताच्या गोळ्यांनीच घात केला ना?" आणि नवरा गप्प बसला होता, कारण त्याचंही तेच ठाम मत होतं, किंबहुना दातांच्या डॉक्टरांना जाऊन जाब विचारायचा असं ठरवून आला होता.

दिवस १३२ ला सोनोग्राफी झाली. गर्भाची लांबी साधारण १० मिलिमीटर, ठोके दिसत होते, वय ७ आठवडे. आता इथे एक छोटा हिशोब आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. सोनोग्राफीतले आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, गर्भधारणेपासून नाही, म्हणजे प्रत्यक्ष गर्भधारणा त्यापेक्षा सुमारे दोन आठवडे उशिरा. ७ आठवडे म्हणजे ४९ दिवस. १३२ मधून ४९ गेले ८३. त्यात १४ मिळवले, ९७. म्हणजे बीजांड बाहेर पडलं ते अंदाजे दिवस ९७ ला. इतक्या सुरुवातीच्या सोनोग्राफीत चूक झाली तरी पाच सात दिवसांची, त्यामुळे दिवस ९० ते १०४ यातला कुठलातरी दिवस धरा.

अमॉक्सिसिलिनची शेवटची गोळी दिवस ६४ ला. ९७ आणि ६४ मध्ये महिन्याहून जास्त अंतर आहे! अमॉक्सिसिलिनचा रक्तातला अर्धायुकाळ तासाभराच्या आसपास, दुसऱ्या दिवशी ते अंगात शिल्लकच नसतं. आणि अजून एक मजा बघा, त्या पाच दिवसांतले पहिले तीन म्हणजे दिवस ६०, ६१, ६२ तिच्या गॅपचेच होते, गर्भनिरोधक गोळी चालूच नव्हती. दोन्ही औषधं एकत्र पोटात गेली ती फक्त दोन दिवस. आणि त्या काळात कंडोम होता. म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, त्याला तिथे हजर असायला जागाच नाही. आरोपी दुसरा होता, रोज सकाळ संध्याकाळ ४०० मिलिग्रॅम, आणि त्याच्याकडे कोणी बघतच नव्हतं.

कार्बामाझेपाइन नेमकं करते काय? गर्भनिरोधक गोळीतले दोन्ही हार्मोन्स लिव्हरमध्ये आणि थोडेफार आतड्याच्या भिंतीतही मोडले जातात, त्यात मुख्य एन्झाइम सीवायपी थ्री ए फोर. कार्बामाझेपाइन पेशीच्या आत जाऊन या एन्झाइमचं उत्पादनच वाढवते, म्हणजे बँकेत एका काउंटरच्या जागी चार काउंटर उघडले तशी परिस्थिती, हार्मोन आलं की लगेच निकालात. पोटात गोळी तेवढीच जाते, शोषलीही जाते, पण रक्तात टिकत नाही. रक्तातलं प्रमाण मोजून बघितलेले अभ्यास आहेत, कार्बामाझेपाइनबरोबर एथिनाइल इस्ट्रॅडायॉल आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल दोन्ही साधारण ४० ते ५० टक्क्यांनी कमी होतात. ३० मायक्रोग्रॅमची गोळी म्हणजे जणू १५-१६ ची झाली, आणि आजच्या गोळ्या आधीच कमीत कमी डोसच्या, त्यात मार्जिन उरतं किती.

एन्झाइम नवीन तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही. एक दोन आठवड्यांत चढायला लागतो, आणि कार्बामाझेपाइन तर स्वतःलाच मोडणारी एन्झाइमंही वाढवते, ते स्थिरावायला तीन ते पाच आठवडे जातात, त्यातून डोस वाढत गेला की अजून. म्हणून दिवस ४५ चं स्पॉटिंग अगदी वेळेवर आलं. इस्ट्रोजेन कमी पडलं की गर्भाशयाचं अस्तर टिकत नाही, मधेच थोडं सुटतं. नवीन गोळी सुरू केल्यावर पहिल्या तीन महिन्यांत स्पॉटिंग कोणालाही होऊ शकतं, त्याचं फार काही नाही. पण चार वर्षं त्याच गोळीवर कोरडी असलेली बाई अचानक पाकिटाच्या मध्यात स्पॉटिंग सांगते तेव्हा "ताण" हे उत्तर माझ्या मते आळशीपणाचं आहे. गोळ्या चुकल्या का, उलट्या जुलाब झाले का, इन्फेक्शन आहे का, दिवस गेलेत का आणि गेल्या दोन महिन्यांत कुठलं नवीन औषध सुरू झालं, हे पाच प्रश्न विचारले असते तर पाचव्यालाच उत्तर सापडलं असतं. उलट बाजूही सांगायला हवी, स्पॉटिंग झालं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं अजिबात नाही. काही बायकांना एक थेंब न दिसता बीजांड सुटतं.

आता दिवस ९७ च का, आधी का नाही? गॅपच्या सात दिवसांत हार्मोन नसतं तेव्हा बीजकोशात एखादं फॉलिकल, म्हणजे बीजांडाची पिशवी, वाढायला लागतं, एरवी पुढच्या पाकिटाच्या पहिल्या काही गोळ्या त्याला दाबून टाकतात. म्हणूनच पाकीट उशिरा सुरू करणं हे मधली एखादी गोळी चुकण्यापेक्षा जास्त धोक्याचं. इथे पाकीट वेळेवर, दिवस ९१ ला सुरू झालं, पण अर्ध्या ताकदीने, आणि फॉलिकल दबलंच नाही. सातव्या गोळीच्या आसपास बीजांड सुटलं. म्हणजे ज्या आठवड्यात सुटायची शक्यता सर्वात जास्त, त्याच आठवड्यात सुटलं. आधीच्या पाकिटात, दिवस ७० च्या सुमाराला, असंच झालं असण्याची शक्यता आहे, पण तेव्हा योगायोगाने दाताच्या भीतीने कंडोम वापरला जात होता! चुकीच्या कारणाने केलेली बरोबर गोष्ट.

ही काही नवीन माहिती नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच टीबीसाठी रिफॅम्पिसिन घेणाऱ्या बायकांना मधेच रक्तस्राव होतो असं डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि त्याच सुमाराला फिटची औषधं आणि गर्भनिरोधक गोळी दोन्ही घेणाऱ्या बायकांना दिवस गेल्याचेही रिपोर्ट आले. तेव्हा गोळीत ५० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त इस्ट्रोजेन असायचं, तरी असं झालं. आज डोस त्याच्या निम्म्यावर आलाय.

मग अँटिबायोटिकची भीती आली कुठून? तीही त्याच काळातली. रिफॅम्पिसिन अँटिबायोटिक आहे, आणि ते गोळी खरोखर निकामी करतं, कार्बामाझेपाइनपेक्षाही जोरात, अगदी दोन दिवसांचा छोटा कोर्स असला तरी. रिफाब्युटिनही त्याच घरातलं. पुढे अँपिसिलिन वगैरे घेताना दिवस गेल्याच्या सुट्या सुट्या केसेस छापून आल्या आणि त्याला एक पटेल अशी थिअरीही मिळाली. एथिनाइल इस्ट्रॅडायॉल लिव्हरमधून पित्तावाटे आतड्यात येतं, तिथले जिवाणू त्याला पुन्हा मोकळं करतात आणि ते परत रक्तात जातं, अँटिबायोटिकने जिवाणू मारले की ही फेरी तुटणार, म्हणजे इस्ट्रोजेन कमी पडणार. ऐकायला चोख. पण रक्तातली पातळी मोजली तेव्हा नेहमीच्या अँटिबायोटिक्सनी ती काही खास खाली गेली नाही, आणि मुळात बीजांड रोखायचं मोठं काम प्रोजेस्टोजेन करतं, ते अशा फेरीतून कामाच्या रूपात परत येतच नाही. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन तर उलट त्या एन्झाइमला अडवतात, म्हणजे हार्मोन झालंच तर वाढेल. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे निकष नेहमीच्या अँटिबायोटिक्सबरोबर गोळीवर काही बंधन घालत नाहीत, ब्रिटनमध्येही २०११ पासून अशा कोर्समध्ये जादा कंडोम वापरायचा सल्ला काढून टाकला. २०२० मध्ये तिथल्याच दुष्परिणामांच्या नोंदी चाळून काही जणांनी पुन्हा शंका काढली की थोडाफार परिणाम असू शकेल, पण अशा नोंदी लोक स्वतःहून पाठवतात, जिथे आधीच संशय असतो तिथून जास्त येतात, त्यामुळे मी त्यावरून फार काही ठरवणार नाही. आणि त्या नोंदींमध्येही एन्झाइम वाढवणारी औषधं वरचढच होती.

अँटिबायोटिकने एक खरा त्रास होतो, तो म्हणजे पोट. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी गेलीच नाही असं धरून दुसरी घ्यायची, आणि जोराचे जुलाब चोवीस तासांहून जास्त चालले तर ते दिवस गोळी चुकल्यासारखे मोजायचे. आमच्या बाईला अमॉक्सिसिलिनने यातलं काहीही झालं नव्हतं, मी खोदून खोदून विचारलं. झाडपाल्याच्या गोळ्याही विचारल्या, कारण सेंट जॉन्स वॉर्ट नावाची वनस्पती उदासीसाठी विकली जाते आणि ती हेच एन्झाइम वाढवते. तसलं काहीच नव्हतं.

हे सगळं दिवसांच्या तक्त्यावर काढून दाखवलं तेव्हा नवरा पहिल्यांदा बोलला, "म्हणजे दातवाले डॉक्टर सुटले." ती मात्र वेगळंच म्हणाली, "मग ही गोळी मी आज रात्रीपासून बंद करते." ही गोळी म्हणजे कार्बामाझेपाइन. इथे मी तिला अक्षरशः हात जोडले. फिटचं औषध एकदम थांबवलं तर फिट उसळतात, लागोपाठ येऊ शकतात, आणि तो धोका आईला आणि पोटातल्या बाळाला दोघांनाही औषधापेक्षा मोठा. गर्भनिरोधक गोळी मात्र त्याच दिवशी बंद केली, तिची आता गरजच नव्हती, आणि नकळत पोटात गेलेल्या त्या गोळ्यांमुळे बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

कार्बामाझेपाइनमुळे बाळाच्या मणक्याचा दोष होण्याचा धोका नेहमीपेक्षा थोडा वाढतो, म्हणून न्यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी मिळून फिट थांबवेल असा कमीत कमी डोस ठेवला, फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम सुरू केलं (खरंतर ते दिवस जायच्या आधीपासून हवं) आणि अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी नीट करून घेतली. मूल ठेवायचं की नाही हा निर्णय तिचा होता, तिने ठेवलं. पुढची प्रेग्नन्सी सरळ गेली, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता समजा दिवस ४५ ला, पहिल्या स्पॉटिंगला, कोणीतरी हे ओळखलं असतं तर काय करायला हवं होतं? त्याच दिवसापासून कंडोम. मागच्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर इमर्जन्सी गर्भनिरोधन, आणि इथेही एक खोच आहे जी मेडिकलच्या काउंटरवर सुटून जाते, इमर्जन्सी गोळीवरही तीच एन्झाइमं तुटून पडतात. युलिप्रिस्टाल ही इमर्जन्सी गोळी तर अशा औषधांबरोबर देऊच नये. लेव्होनॉरजेस्ट्रेल द्यायचीच तर दुप्पट, दीडच्या जागी ३ मिलिग्रॅम, असं ब्रिटनमध्ये २०१६ पासून सांगतात, पण ती कितपत काम करेल याचा पक्का पुरावा नाही. खात्रीची फक्त तांबी, संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर. तांब्याचा परिणाम गर्भाशयातच होतो, लिव्हरचा त्यात संबंधच नाही. आणि बसवली की पुढची कित्येक वर्षं काळजी मिटते हा बोनस.

बाळंतपणानंतर तिला परत गोळीच हवी होती. सवयीची गोष्ट, शिवाय पाळी ठरल्या दिवशी येते. तिने स्वतःच वाचून आणलं होतं, "मग फिटचंच औषध बदलू या ना, लॅमोट्रिजिन असतं म्हणे, ते एन्झाइम वाढवत नाही." अर्धं बरोबर. इथे गाडी उलट्या दिशेने जाते. लॅमोट्रिजिन गोळीला फारसं धक्का लावत नाही (लेव्होनॉरजेस्ट्रेल जेमतेम वीस टक्के कमी होतं), पण गोळीतलं इस्ट्रोजेन लॅमोट्रिजिनला झपाट्याने बाहेर काढतं, तिची पातळी निम्म्यावर येऊ शकते, आणि फिट परत येतात. लॅमोट्रिजिनवर व्यवस्थित चाललेल्या एखादीने गर्भनिरोधक गोळी सुरू केली आणि दोन आठवड्यांत फिट आली, अशा केसेस दिसतात, आणि घरचे म्हणतात औषध चुकवलं असेल. वर गॅपच्या आठवड्यात इस्ट्रोजेन नसतं म्हणून पातळी परत चढते, तेव्हा चक्कर, दोन दोन दिसणं. दर महिन्याला वर खाली. म्हणून लॅमोट्रिजिनबरोबर इस्ट्रोजेनवाली गोळी साधारण टाळतात, आणि द्यायचीच असेल तर न्यूरॉलॉजिस्टना आधी सांगून, डोस वाढवून, गॅप न घेता. व्हॅल्प्रोएट एन्झाइम वाढवत नाही, पण ते बाळासाठी इतकं वाईट आहे की मूल होण्याच्या वयात ते पर्याय म्हणून बोलायचंही नाही. लेव्हेटिरासिटॅम गोळीबरोबर चाललं असतं, चार वर्षं चाललंच होतं की, पण त्या चिडचिडीपायीच तर ते सोडलं होतं.

कार्बामाझेपाइन तशीच ठेवून जास्त डोसची गोळी? काही मार्गदर्शनांत ते मान्य आहे, किमान ५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होईल अशा बेताने दोन गोळ्या एकत्र, तीन पाकिटं सलग आणि मग सातच्या जागी चारच दिवस गॅप, तेही रिफॅम्पिसिन नसेल तरच. पण किती पुरेल याची हमी कोणी देत नाही, आणि स्तनपान चालू असताना इस्ट्रोजेनवाली गोळी तसंही सुरुवातीच्या महिन्यांत देत नाहीत. फक्त प्रोजेस्टोजेनची छोटी गोळी तर आणखीच कमजोर, आणि हातात बसवायचा इम्प्लांटही एन्झाइम वाढवणाऱ्या औषधांबरोबर फेल झाल्याच्या नोंदी आहेत. तीन महिन्यांचं डेपो इंजेक्शन चालतं, ते लिव्हरमधून जाताना आधीच जवळजवळ पूर्ण मोडलं जातं, एन्झाइम वाढून आणखी काही वेगळं होत नाही. मात्र कार्बामाझेपाइन हाडं विरळ करते आणि डेपोही थोडी करतं, तिच्या वयात वर्षानुवर्षं दोन्ही एकत्र नको वाटलं.

उरली तांबी किंवा हार्मोनची कॉइल. तिला आधीच पाळीत जास्त जायचं, तांबीने ते वाढतं, म्हणून लेव्होनॉरजेस्ट्रेलची कॉइल निवडली. तिला शंका आली, साहजिकच, "यातही तेच औषध आहे ना, मग लिव्हर याला सोडेल का?" तेच औषध आहे, पण कॉइल रोज साधारण २० मायक्रोग्रॅम थेट गर्भाशयात सोडते, काम तिथल्या तिथे होतं, रक्तातून फिरून येण्याची गरजच नाही, त्यामुळे लिव्हरने रक्तातलं कितीही मोडलं तरी फरक पडत नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी बसवली. पहिले काही महिने अधूनमधून स्पॉटिंग झालं, पण ते कॉइलचं नेहमीचं आणि यावेळी तिला आधीच सांगितलेलं होतं.

फिटच्या औषधांत एन्झाइम वाढवणारी म्हणजे कार्बामाझेपाइन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटाल, प्रिमिडोन, ऑक्सकार्बाझेपाइन, आणि टोपिरामेट जर डोस दिवसाला २०० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल. टोपिरामेटचं वेगळं सांगते कारण ते मायग्रेनसाठीही देतात आणि त्या बायकांना आपण "फिटचं औषध" घेतोय हे माहीतच नसतं, शिवाय ते स्वतः बाळाला अपायकारक आहे, त्यामुळे डोस कितीही असो, गर्भनिरोधन पक्कंच हवं. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, लॅकोसामाइड यांचा गोळीला त्रास नाही.

पुढे कधी फिट बंद राहिल्या म्हणून कार्बामाझेपाइन थांबवली आणि तिला परत गोळीवर यायचं असेल, तर औषध बंद झालं त्या दिवशी लिव्हर पूर्ववत होत नाही. वाढलेली एन्झाइमं ओसरायला वेळ लागतो, शेवटच्या डोसनंतर २८ दिवस गोळीवर भरवसा ठेवायचा नाही. तिच्या फाइलवर मी तेवढं लाल पेनाने लिहून ठेवलंय, आणि कॉइल त्या चार आठवड्यांच्या आधी काढू नये हेही.